हेल्मेटातली हाळी

तुळजारामच्या गळ्यात दोन गोष्टी कायम असायच्या. एक बिरोबाचा ताईत आणि दुसरा काळ्या गोफात ओवलेला मोबाइल. ताईत बापाने बांधला होता, मोबाइल लेकाने. दोन्हींवर त्याची सारखीच श्रद्धा आणि दोन्हींबद्दलची समज साधारण तेवढीच. दोनचं बटण दाबून धरलं की सिद्धराम बोलतो, एवढं त्याला कळत होतं आणि त्यापलीकडे कळून घ्यायची त्याला गरजही वाटत नव्हती.

बीदरहून भालकीला जाताना मुख्य रस्ता सोडून आत गेलं की लाल मातीचा उघडा माळ लागतो. त्या माळावर तुळजारामचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. बायको पद्माबाई लेकाच्या लग्नाआधीच वारली. तिच्यामागं घरात राहिले तो आणि सिद्धराम, आणि नंतर आली उदगीरकडची सून, तेजश्री. म्हातारा तसा लोभी नव्हता, खाष्टही नव्हता. पण हट्टी होता. त्याचा एक नियम होता आणि त्या नियमापुढं तो देवालाही सवलत देत नसे. हाळी दिली की ओ आली पाहिजे.

हा नियम काही त्याने काढलेला नव्हता. माळावर दोन कळप लांब लांब चरत असतात. दिवस कलायला लागला की एक धनगर कानाशी हात धरून हाळी देतो आणि दुसरा जिथं असेल तिथून ओ देतो. ओ आली म्हणजे माणूस धड आहे. ओ आली नाही तर काठी घेऊन धावायचं, मग लांडगा असो, साप असो की नुसता झोपलेला गडी असो. लहानपणी सिद्धराम एकदा बोराच्या झुडपाखाली बसून बोरं खात राहिला आणि बापाच्या हाळीला त्याने ओ दिली नाही. तुळजाराम अर्धा माळ धावत आला, पोराला धड बघितलं आणि मग काठीने बडवलं. बडवताना स्वतःच रडत होता. त्यानंतर सिद्धरामने बापाची हाळी कधी वाया जाऊ दिली नाही.

पोरगा शिकला, आयटीआय झाला आणि मोबाइलच्या टॉवरवर कामाला लागला. त्या वर्षांत मुलखात टॉवर असे उगवत होते की मेंढरांनाही चुकवून चालावं लागे. टॉवरखालचं जनरेटर बंद पडलं, बॅटरी उतरली की सिद्धरामला फोन यायचा आणि तो मोटरसायकल काढायचा. आज औराद, उद्या बसवकल्याण, परवा थेट गुलबर्गा जिल्ह्यातलं चिंचोळी. “आमी मेंढरांमागं हिंडलो, हा खांबांमागं हिंडायलाय,” असं तुळजाराम पारावर सांगायचा, आणि सांगताना त्याची छाती फुगायची.

आधी सिद्धरामही सगळे करतात तेच करायचा. फोन वाजला की तो हेल्मेटात गालाशी कोंबायचा आणि बोलत बोलत गाडी चालवायचा. एकदा तसाच खड्ड्यात पडला, गुडघा फोडून घरी आला, आणि तेजश्रीने असं काही तोंड सोडलं की म्हाताऱ्यालाही बाहेर जाऊन बसावं लागलं. मग त्याच्याबरोबर काम करणाऱ्या शिवराजने हैदराबादच्या मोबाइल बाजारातून ते यंत्र आणून दिलं.

काडेपेटीएवढी काळी डबी. हेल्मेटाच्या डाव्या कडेला चिमट्याने बसवलेली. तिच्यातून निघालेल्या वायरी आतल्या अस्तराखालून गेलेल्या, कानांपाशी दोन चपट्या चकत्या, आणि तोंडापुढं स्पंजाची टोपी घातलेला छोटासा दांडा. फोन खिशातच ठेवायचा. डबी आणि फोन एकमेकांशी वायरीशिवाय बोलायचे. फोनमध्ये नकाशा होता. टॉवर कुठं आहे त्याचे आकडे ऑफिसातून यायचे, ते घातले की फोनमधली बाई हिंदीत वाट सांगायची, पुढं उजवीकडं वळा, आता डावीकडं वळा, आणि ते थेट कानात ऐकू यायचं.

तुळजारामने हेल्मेट स्वतःच्या डोक्यात घालून ती बाई ऐकली. “कुटली हाय रं ही?” त्याने विचारलं.

“कुटलीच न्हाई, अप्पा. मशीन हाय.”

“मशीनला भालकीचा रस्ता ठाव हाय? आन् आपल्या तलाठ्याला न्हाई?”

तेजश्री तोंडाला पदर लावून हसली. त्या घरात तेव्हा असं हसणं रोजचं होतं.

सिद्धराम मात्र या यंत्राच्या बाबतीत फार शिस्तीचा निघाला. पत्ता घालायचा तो गाडी उभी असताना. आवाज बारीक ठेवायचा, म्हणजे मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येतो. चालू गाडीवर फोन आला तर “गाडीवर हाय, थांबून करतो” एवढंच म्हणायचं, डबीवरचं बटण दाबून फोन तोडायचा, आणि पुढं झाड किंवा टपरी बघून गाडी बाजूला घेऊन मग बोलायचं. साहेबाचा असला तरी तसंच. “हात मोकळे असले म्हणून डोकं मोकळं असतंय असं न्हाई,” तो शिवराजला सांगायचा. “बोलताना डोळे उघडेच असतेत, पण बघत कोन असतंय?”

त्या डबीत आणखी एक सोय होती. थोडं वाजलं की फोन आपोआप उचलला जायचा, हात लावायला नको. शिवराजने स्वतःच्या डबीवर ती सोय बंद करून टाकली होती. “कामून ठेवलास चालू?” त्याने सिद्धरामला विचारलं होतं. “नको तेव्हा कानात माणूस शिरतंय.” सिद्धराम म्हणाला, “राहू दे. अप्पाची हाळी असतीय.”

कारण तुळजारामने आपला माळावरचा नियम आता फोनवर आणला होता. रोज दिवस मावळायला मेंढरं जाळीत घातली की तो अंगणात उभा राहायचा, दोनचं बटण दाबून धरायचा आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, “सिद्धा ऽऽ!” पलीकडून “ओ, अप्पा” आलं की त्याच्या जिवाला थारा लागायचा. लेक गाडीवर असला तर लगेच पुढं म्हणायचा, “थांबतो जरा.” मग इंजिनाचा आवाज बंद व्हायचा, आणि दोघं जनरेटरपासून व्यालेल्या मेंढीपर्यंत सगळ्यावर बोलायचे. त्या “थांबतो जरा”एवढा वेळ म्हातारा गप्प राहायचा. तेवढं त्याला लेकाने शिकवलं होतं आणि तेवढं तो पाळायचा.

एका दिवशी त्याने ते पाळलं नाही.

ऊस गाळपाचे दिवस होते. सिद्धरामच्या मनात कधीपासून होतं की बापाने मेंढरं विकावीत, बीदरला कोळारच्या औद्योगिक वसाहतीजवळ एक खोली घ्यावी आणि तिघांनी तिथं राहावं. तेजश्रीला तिथल्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळत होतं. तुळजारामचे गुडघे गेले होते, नजर कमी झाली होती. पण मेंढरं विकायचं नाव काढलं की तो दोन दिवस अन्नावर राग काढायचा. म्हणून सिद्धरामने आधी नुसता व्यापारी पाठवला, अंदाज घ्यायला. बापाला सांगायचं राहून गेलं. किंवा सांगायचा धीर झाला नाही.

व्यापारी दुपारी आला आणि सरळ जाळीत शिरून मेंढरांच्या पाठी चाचपायला लागला. तुळजारामने त्याला हाकलून काढलं. जाता जाता तो म्हणाला, “चाचा, तुमच्याच पोरानं भेजा हमकू.”

तुळजारामचा संध्याकाळपर्यंत भडका उडाला होता. तेजश्री चुलीपुढं पीठ मळत होती. अंगणात त्याने बटण दाबून धरलं तेव्हा ती आतून म्हणाली, “मामा, ते गाडीवर असतील. चिंचोळीहून निगालेत. येऊ द्या की घरी.”

त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आज हाळीही दिली नाही. फोन उचलला गेला आणि वाऱ्याचा आवाज आला तसा तो सुरूच झाला.

“माझ्या मागं व्यापारी कामून धाडलास?”

“ओ, अप्पा. थांबतो जरा, गाडी बाजूला—”

“थांबायचं काय त्यात? व्हय का न्हाई, एवडंच बोल! बापाला न इचारता मेंढरं विकायला निगालास?”

“अप्पा, घरी येऊन सांगतो ना. आयकून तरी—”

“आत्ता सांग! तू धाडलास का न्हाई?”

“व्हय, अप्पा. मीच धाड—”

पुढचा आवाज तुळजारामने आयुष्यात कधी ऐकला नव्हता, तरी तो कसला आहे हे त्याला त्याच क्षणी कळलं. पत्रा, मग खरवडल्यासारखं काहीतरी, आणि मग काहीच नाही. वारासुद्धा नाही.

“सिद्धा!” तो ओरडला. “सिद्धा ऽऽ! ओ दे रं! सिद्धा!”

तेजश्री पिठाच्या हातांनी बाहेर आली. म्हातारा अंगणात गोल गोल फिरत फोनमध्ये हाळ्या देत होता, जशा माळावर द्यायचा तशा, पोटातून. फोन तुटला नव्हता. पलीकडं कुठंतरी ट्रॅक्टर धडधडत होता, माणसांची ओरड येत होती. आणि मग अगदी जवळून एका बाईचा घाबरलेला आवाज आला. “यारप्पा नीवु?”

कोण आहात तुम्ही, असं ती कानडीत विचारत होती. रत्नम्मा तिचं नाव, हे पुढं कळलं. ऊसतोडीची बाई. उसाने भरलेल्या ट्रॉलीवर बसून ती कारखान्याकडं चालली होती. ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती, मागं दिवा नव्हता, आणि सिद्धराम तिच्यावर जाऊन आदळला होता. ती खाली उतरून धावली तर पडलेल्या माणसाच्या हेल्मेटातून कुणीतरी त्याच्या नावाने हाका मारत होतं. आधी तिला वाटलं, भूतच आहे. मग त्या आवाजातली कळ तिला ओळखू आली. ती गुडघ्यांवर बसली आणि हेल्मेटाशी तोंड नेऊन बोलली.

तुळजारामने कानडीत सांगितलं, मी बाप आहे. श्वास आहे का बघ. ती म्हणाली, आहे, अण्णा, आहे. १०८ ची गाडी बोलावली आहे. तो म्हणाला, डोकं हलवू नका, हेल्मेट ओढू नका. पडलेल्या मेंढराची मान हलवायची नसते, तेवढ्या ज्ञानावर तो बोलत होता. मग म्हणाला, त्याच्या कानाशी माझा आवाज जातो का? ती म्हणाली, जातो.

मग तो बोलत राहिला. मेंढरं विकू म्हणाला. कोळारला येतो म्हणाला. उद्याच त्या व्यापाऱ्याला बोलव, मी स्वतः जाळी उघडतो म्हणाला. तेजश्री त्याचा दंड धरून उभी होती, त्याच्या बाहीला सगळं पीठ लागलं होतं. तिलाही बोलायचं होतं, पण म्हाताऱ्याच्या हातून फोन सुटत नव्हता आणि तिला तो ओढून घेववत नव्हता. पलीकडून १०८ वाल्या माणसांचे आवाज आले, काहीतरी कापल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. सिद्धराम बीदरच्या दवाखान्यापर्यंत जिवंत पोहोचला नाही.

माणसं आली तशी समजावणीही आली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, लाल पट्टी नव्हती, ड्रायव्हरला आत टाका. सगळे तेच म्हणत होते आणि ते खोटं नव्हतं. तुळजाराम मान हलवायचा. पण प्रत्येक जण आणखी एक गोष्ट म्हणायचा, आणि तिथं तो थबकायचा. सिद्धा त्या रस्त्याला गेलाच कशाला? चिंचोळीहून यायची वाट ती नव्हेच. तो रस्ता तर फक्त कारखान्याला जातो.

शिवराज हेल्मेट घेऊन आला तेव्हा तुळजारामने त्याला तेच विचारलं. शिवराज खरं बोलणारा पोरगा होता आणि त्या दिवशी त्याला त्याचाच पश्चात्ताप झाला असणार. त्याने सांगितलं, की नवा टॉवर होता, आडवाट होती, सिद्धा फोनमधल्या बाईच्या सांगण्यावर येत असणार. उजवीकडचं वळण घ्यायचं होतं, ते सुटलं आणि तो सरळ पुढं गेला.

“बाईनं सांगितलं न्हाई का मग?”

शिवराजने हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. “बोलणं चालू झालं की ती गप बसती, अप्पा. डबीत फोन आधी. फोन संपला की मग पुन्ना वाट सांगती.”

तुळजारामने हेल्मेटावरची ती डबी बोटाने चाचपली.

“तुमचा काय दोष न्हाई त्यात,” शिवराज घाईने म्हणाला. “त्यानं थांबून बोलायचं होतं. दुसऱ्यांच्या फोनला तर थांबायचाच तो.”

थांबायचाच तो. तुळजारामने ते वाक्य रात्रंदिवस चघळलं. तो थांबणार होता. थांबतो म्हणाला होता. त्याने तोंडाने सांगितलं होतं, आणि बापाने त्याला थांबू दिलं नव्हतं. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक तो स्वतः आणि दुसरी चुलीपुढं पीठ मळत बसलेली ती. आणि ती काही बोलत नव्हती. दहावा झाला, महिना सरला, ती त्याला वेळेवर भाकरी वाढत होती, अंघोळीला पाणी काढत होती, गुडघ्याला तेल आणून देत होती. रागाने एखादं भांडं जरी आपटलं असतं तरी म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं. सगळा गाव त्याला निर्दोष ठरवत होता आणि ते निर्दोषपण त्याला गिळता येत नव्हतं.

मेंढरं त्याने चुलतभावाला देऊन टाकली. दिवस मावळला की आता तो अंगणात जात नसे, भिंतीकडं तोंड करून पडून राही.

मग उदगीरहून तेजश्रीच्या भावाचा निरोप आला, न्यायला येतो म्हणून. आदल्या संध्याकाळी ती कपड्यांची पिशवी भरत होती. तुळजाराम उंबऱ्याशी येऊन बसला.

“पोरी,” तो म्हणाला, “एक इचारतो. खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नको.”

तिने हातातलं लुगडं खाली ठेवलं.

“मी त्याला थांबू दिलं असतं तर?”

“तर ते घरी आले असते, मामा,” ती म्हणाली.

तुळजारामने मान हलवली. पोराला पुरताना न रडलेला म्हातारा तेव्हा रडायला लागला, तोंड उघडं टाकून, लहान लेकरासारखा. तिने त्याला गप्प केलं नाही. ती स्वतःही भिंतीला टेकून खाली बसली.

“आन् मी बी,” ती म्हणाली. “गाडीवर असतील म्हणून तोंडानं सांगितलं आन् पीठ मळत बसले. उठून फोन हिसकला असता तर तुमी काय मारलं असतं का मला? थांबतो म्हणलेलं मला आत आयकू आलतं, मामा. त्या फोनचा आवाज मोठाच हाय. आयकलं आन् मळत बसले.”

“तुझा काय दोष न्हाई,” तुळजारामच्या तोंडून निघून गेलं. तेच वाक्य. ऐकून ती उठली आणि पुन्हा पिशवी भरायला लागली. त्या रात्री दोघंही जेवले नाहीत.

सकाळी तिचा भाऊ मोटरसायकल घेऊन आला. चांगला मुलगा होता, म्हाताऱ्याच्या पाया पडला, चहा घेतला. पिशवी गाडीला बांधली, तेजश्री मागं बसली. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहिल्या. भावाने गाडी चालू केली आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने सवयीने फोन कान आणि खांदा यांच्या मध्ये धरला, मान वाकडी केली आणि बोलता बोलता पहिला गिअर टाकला.

तुळजारामने पुढं होऊन हँडल धरलं.

“जाऊ द्या आता, अप्पा,” शेजारची नागूबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. “किती धरून ठेवायलाव? तरनी पोर हाय, जाऊ द्या तिला.” बाकीच्या बायकाही चुकचुकल्या. म्हाताऱ्याला सून सोडवेना, असंच सगळ्यांना वाटलं. भावालाही तेच वाटलं. तो ओशाळून “जायलाव आमी, मामा” म्हणाला आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला.

म्हातारा हलला नाही. दोन्ही हातांनी हँडल धरून, पाय रोवून उभा राहिला. तेजश्रीने मागून हात पुढं नेऊन गाडीची किल्ली फिरवली. गाडी बंद पडली.

“दादा, तू आधी बोलून घे,” ती म्हणाली. “मामा थांबतेत.”

भाऊ फोनवर बोलत राहिला. जनावरांच्या बाजाराचं काहीतरी होतं, साधंच. त्याचं बोलणं संपलं, त्याने फोन बंद करून खिशात घातला. मग तुळजारामने हँडल सोडलं आणि बाजूला झाला.